फोटोतल्या जपानी पानावरून गाणं शोधताना

जपानी गाण्याचं छापील पान हाती आहे, त्यातलं एकही अक्षर वाचता येत नाही, आणि ते गाणं ऐकायचं तर आहेच. तोक्योच्या निशी-कासाईत राहणाऱ्या मराठी घरात मुलाच्या शाळेतून असा कागद येतो. पुण्यात जपानी शिकणाऱ्याला जुन्या तबकडीच्या पाकिटातून शब्दांचा घडी घातलेला कागद मिळतो. अशा वेळी बहुतेक जण फोनचा कॅमेरा पानावर धरतात आणि 'भाषांतर' हे बटण दाबतात. माझ्या मते शोध भरकटतो तो इथेच. भाषांतरातून कळतं की गाण्यात चंद्र आहे, जुना वाडा आहे, कुणाची तरी आठवण आहे. असली गाणी जपानीत पुष्कळ आहेत. गाणं अर्थावरून सापडत नाही, ते मूळ अक्षरांच्या नेमक्या क्रमावरून सापडतं. म्हणून भाषांतर मागे ठेवायचं आणि आधी चित्रातून मूळ जपानी मजकूर बाहेर काढायचा, तोही शक्य तितका शुद्ध.

पान जपानीच आहे का, हे पहिल्यांदा बघावं. चिनी आणि जपानी पानं अनोळखी डोळ्याला सारखीच दिसतात, पण जपानीत कांजी म्हणजे चिनी चिन्हांच्या मध्ये हिरागाना ही वळणदार, साधी अक्षरं पेरलेली असतात. त्यातलं の हे अक्षर जवळजवळ प्रत्येक जपानी पानावर दिसतं. ते कुठेच नसेल आणि सगळी दाट चौकोनी चिन्हंच असतील, तर पान बहुधा चिनी आहे. हे ठरवण्याचं कारण असं की अक्षर ओळखणाऱ्या साधनाला भाषा आधी सांगावी लागते. चुकीची भाषा सांगितली तर ते तक्रार करत नाही, निमूटपणे चुकीची अक्षरं देतं.

फोटो काढताना माणसं संपूर्ण पान एका चौकटीत बसवायला जातात. पण जपानी गीतपानावर कांजीच्या शेजारी उच्चार सांगणारी बारीक अक्षरं असतात. त्यांना फुरिगाना म्हणतात आणि त्यांचा आकार मुख्य अक्षराच्या साधारण निम्मा असतो. अक्षर नीट ओळखलं जायला त्याची उंची सुमारे ३० पिक्सेल तरी लागते. फुरिगाना तेवढा यायचा तर मुख्य अक्षर ६० पिक्सेलच्या आसपास हवं. पानाचे दोन-तीन भाग करून वेगळे फोटो घेतले की हे सहज साधतं. घडीची रेघ अक्षरावरून जात असेल, तर त्या ओळीवर पुढे विसंबायचं नाही, एवढं तेव्हाच मनात ठेवावं.

आता अक्षरांच्या दिशेचा प्रश्न येतो. गीतपान अनेकदा उभ्या ओळींत छापलेलं असतं. अक्षरं वरून खाली जातात आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात. साधनाला हे कळलं नाही, तर ते शेजारशेजारच्या ओळींतलं एकेक अक्षर उचलून आडवं वाचतं, आणि हाती येतो तो निव्वळ गोंधळ. फोनमधलं गूगल लेन्स उभा मजकूर बहुतेक वेळा स्वतः ओळखतं. संगणकावर टेसरॅक्ट हे मोफत साधन वापरायचं असेल, तर उभ्या जपानीसाठी त्याची वेगळी भाषाफाईल आहे. तिचं नाव आज्ञेत द्यावं लागतं:

```
tesseract paan.jpg nikal -l jpn_vert --psm 5 -c preserve_interword_spaces=1
```

यातल्या `--psm 5` चा अर्थ असा की समोर उभ्या ओळींचा एकच सलग ठोकळा आहे. शेवटचा भाग अक्षरांमधल्या मोकळ्या जागा आटोक्यात ठेवायला आहे. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, पण हे साधन अक्षरांच्या मध्ये जागा घालतं, आणि अशा फटी पडलेला मजकूर शोधपेटीत टाकला तर काही सापडत नाही. पान आडवं छापलेलं असेल तर `jpn_vert` च्या जागी `jpn` आणि 5 च्या जागी 6 लिहायचं. दिशा बरोबर धरली गेली की नाही हे जपानी न येणाऱ्यालाही तपासता येतं. फोटोतल्या सगळ्यात उजव्या ओळीची वरची चार अक्षरं आणि निकालातली पहिली चार अक्षरं शेजारी ठेवून नुसते आकार जुळवायचे.

दिशा जमली तरी फुरिगाना छळतोच. उभ्या छपाईत तो ओळीच्या उजव्या अंगाला बसतो, आणि साधन कधी त्याची स्वतंत्र ओळ करतं, कधी मुख्य मजकुरात घुसवतं. गाण्यांच्या बाबतीत हा घोळ जास्त वाढतो, कारण जपानी गीतकार लिहितो एक आणि गायला लावतो दुसरं. कागदावर 宇宙 म्हणजे 'विश्व' असं छापलेलं असतं, शेजारी बारीक अक्षरांत そら म्हणजे 'आकाश' असतं, आणि गायक 'सोरा' म्हणतो. जुन्या धाटणीच्या विरहगीतांत 女 लिहून त्याचा उच्चार 'हितो' म्हणजे 'माणूस' असा देण्याची रीत आहे. निकालात 宇宙そら असं जोडून आलं, तर तो मजकूर जगात कुठेच सापडणार नाही. शोधताना そら काढून टाकावं आणि कांजी ठेवावी, कारण गीतसंग्रहात मुख्य मजकूर कांजीतच असतो. मात्र फुरिगाना कुठेतरी वेगळा उतरवून ठेवावा, पडताळणीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

याहून फसवी चूक डोळ्यांना दिसतच नाही. काताकाना या दुसऱ्या अक्षरमालेतली काही अक्षरं आणि काही कांजी दिसायला जुळ्यासारखी असतात. カ हे 'का' अक्षर आणि 力 ही 'शक्ती'ची कांजी, ロ हे 'रो' आणि 口 हे 'तोंड', タ हे 'ता' आणि 夕 ही 'संध्याकाळ', ニ हे 'नि' आणि 二 हे 'दोन'. माणसाला फरक जाणवत नाही, पण संगणकाच्या लेखी ही वेगवेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं आलं की नेमक्या मजकुराचा शोध कोरडा जातो. उपाय शेजाऱ्यांकडे बघण्याचा आहे. काताकाना सहसा घोळक्याने येते, कारण ती परदेशी शब्दांसाठी किंवा आवाजांच्या अनुकरणासाठी वापरतात. तेव्हा कांजी आणि हिरागानाच्या मध्ये एकटंच タ दिसलं, तर तिथे 夕 असण्याचा संभव मोठा. एखादी कांजीच संशयास्पद वाटली तर jisho.org या शब्दकोशात ती बोटाने किंवा माऊसने रेखाटून शोधता येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या छपाईत आणखी तीन गोष्टी आडव्या येतात. १९४६ साली जपानने वापरातल्या कांजींची यादी ठरवली आणि कानाचं, म्हणजे हिरागाना-काताकानाचं, लेखन उच्चाराला धरून बदललं. पुढे कित्येक कांजींची सोपी रूपं अधिकृत झाली. त्यामुळे जुन्या पानावरचं 戀 आजच्या मजकुरात 恋 असतं, 聲 चं 声 होतं आणि 櫻 चं 桜. फुलपाखराला जुनं लेखन てふてふ, नवं ちょうちょう. दुसरी गोष्ट पुनरुक्तीच्या खुणेची. उभ्या लेखनात आधीची दोन-तीन अक्षरं पुन्हा म्हणायची असतील, तर दोन अक्षरांएवढी लांब 〱 ही खूण घालतात, आणि साधन ती く म्हणजे 'कु' समजून मोकळं होतं. निकालात अनपेक्षित く दिसला तर फोटोत त्या जागी लांबुळकी खूण आहे का ते पाहावं. तिसरी गोष्ट आडव्या मथळ्याची. त्या काळी मथळा आणि तबकडीवरचं नाव आडवं लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहीत. आजचं साधन ते डावीकडूनच वाचतं.

हे सगळं एका गाण्यावर करून पाहू. समजा युद्धपूर्व वळणाच्या गीतसंग्रहातलं एक पान आहे. वर आडवा मथळा, त्याखाली दोन नावं, आणि खाली उभ्या ओळींत गीत. मथळ्याच्या भागातून असा मजकूर निघाला:

```
月城荒
歌作翠晩井土
曲作郎太廉瀧
```

गीतपानावर सगळ्यात आधी जिचा माग काढावा ती अक्षरजोडी 作曲, म्हणजे संगीतरचना. तिच्या जोडीला 作詞, म्हणजे शब्दरचना, आणि जुन्या पानांवर त्याच अर्थाने 作歌. या जोड्या चित्रासारख्या ध्यानात ठेवाव्यात, त्यासाठी भाषा यावी लागत नाही. इथे तिसऱ्या ओळीत 曲作 आलं आहे, म्हणजे जोडी उलटी झाली. तेवढ्यावरून कळतं की तिन्ही ओळी उजवीकडून वाचायच्या आहेत. उलटवल्यावर 荒城月, 土井晩翠作歌 आणि 瀧廉太郎作曲 असं मिळतं. गीताचा एक शब्दही न वाचता आता मथळा, कवी आणि संगीतकार हाती आले. कुठलीही चांगली ओळ शोधण्यापेक्षा हे त्रिकूट मिळवणं अधिक मोलाचं, कारण एकच मथळा कितीतरी गाण्यांना असतो. नुसतं 'साकुरा' घेतलं, तरी मोरियामा नाओतारोचं २००३ सालचं गाणं हिरागानात さくら आहे, कोबुकुरोचं २००५ सालचं कांजीत 桜 आहे, आणि इकिमोनोगाकारीचं २००६ सालचं रोमन अक्षरांत SAKURA. उच्चार एक, गाणी तीन.

आपल्या पानावरचं गाणं म्हणजे 'कोजो नो त्सुकी', उजाड किल्ल्यावरचा चंद्र. तोक्यो संगीत शाळेने १९०१ साली माध्यमिक शाळांसाठी काढलेल्या गीतसंग्रहात ते प्रसिद्ध झालं. संगीतकार ताकी रेन्तारो तेव्हा २१-२२ वर्षांचा होता आणि १९०३ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, तो गेला. पण इथवर येताना शोध दोन ठिकाणी अडू शकतो. पहिल्या संग्रहात मथळा 荒城月 असा तीन कांजींचा होता, तर आज सगळीकडे 荒城の月 असा の घालून लिहितात. जिथे दिलेली अक्षरं मथळ्यात सलग जुळावी लागतात, तिथे तीन कांजी देऊन काही निघणार नाही. म्हणून सुरुवातीच्या 荒城 या दोनच कांजी द्याव्यात. दुसरी अडचण 瀧 या अक्षराची. ते जुनं रूप आहे आणि बऱ्याच याद्यांत 滝 हे नवं रूप असतं. गूगलसारखी शोधयंत्रं अशी रूपं पुष्कळदा एकत्र धरतात, पण एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा संस्थेच्या सूचीत तसं होईलच याची खात्री नाही. दोन्ही टाकून पाहावीत.

मथळ्याचा भाग फाटला असता तर? मग गीताच्या ओळींतून शोधावं लागतं, आणि तुकडा कोणता निवडायचा यावरच सगळं ठरतं. ओळीच्या मधली, सलग, स्वच्छ उतरलेली पाच ते आठ अक्षरं घ्यावीत. त्यात दोन कांजींचा एखादा कमी वापरातला शब्द असावा. 夢 म्हणजे स्वप्न, 涙 म्हणजे अश्रू, 空 म्हणजे आकाश ही अक्षरं तुकड्यात एकटीच असली तर त्यांचा उपयोग शून्य, कारण अर्ध्या जपानी गाण्यांत ती आहेत. ज्या शब्दाची दोन लेखनरूपं असू शकतात, तोही टाळावा. या गाण्यातच 'कुठे' या अर्थाचा शब्द जुन्या छपाईत いづこ आहे आणि नव्या छपाईत いずこ, आणि 'प्याला' या अर्थी 盃 किंवा 杯 अशी दोन अक्षरं जपानीत चालतात. असा शब्द तुकड्यात आला तर एका अक्षरापायी सगळा शोध वाया जातो. निवडलेला तुकडा अवतरणचिन्हांत घालावा आणि बाहेर 歌詞, म्हणजे 'गीताचे शब्द', एवढं जोडावं.

तुकडा कुठे शोधायचा हे गाण्याच्या वयावर ठरतं, आणि त्यामागे कायदा आहे. 'कोजो नो त्सुकी'चा कवी दोई बान्सुई १९५२ साली वारला. तेव्हा जपानात स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ५० वर्षं चालत असे, म्हणून त्याचे शब्द २००३ पासून मुक्त आहेत. २०१८ च्या डिसेंबरअखेर ही मुदत ७० वर्षांची झाली, पण आधी संपलेले हक्क त्यामुळे पुन्हा जिवंत झाले नाहीत. अशा मुक्त गीताचे पूर्ण शब्द ठिकठिकाणी मोकळेपणी छापलेले असतात आणि साध्या शोधातही वर येतात. अलीकडच्या गाण्याचं तसं नाही. त्याचे शब्द परवाना घेतलेल्या गीतसंग्रहांतच असतात, आणि तिथेही मजकूर उचलता येऊ नये अशी तजवीज अनेकदा केलेली असते. त्यामुळे साध्या शोधाला काही दिसलं नाही म्हणून गाणंच अस्तित्वात नाही असं समजू नये. `Uta-Net` सारख्या संग्रहात मथळा, गायक, गीतकार यांच्याबरोबर गीताचा सुरुवातीचा भाग किंवा मधला तुकडा देऊन शोधण्याची सोय आहे. आपला पाच-आठ अक्षरांचा तुकडा तिथे द्यावा.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत JASRAC आणि पुढे आकडे दिसले की अनेकांना वाटतं, गाण्याचा क्रमांक मिळाला. जासराक ही जपानची १९३९ साली स्थापन झालेली संगीतहक्क संस्था. पण पुस्तकात JASRAC नंतर 出 हे अक्षर आणि मग आकडे असतील, तर तो प्रकाशकाला मिळालेल्या परवानगीचा क्रमांक असतो. अख्ख्या पुस्तकाला तो एकच असतो, आणि त्यावरून गाणं कळत नाही. गाण्याचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक संस्थेच्या `J-WID` या सूचीत असतो आणि त्याची घडण 000-0000-0 अशी असते. या सूचीत गीताचे शब्द नाहीत, मथळे आणि नावं आहेत. म्हणून ती शेवटच्या टप्प्यावर कामाची: संगीतकाराचं नाव आणि मथळ्याचा अंश देऊन जोडी खरी आहे का ते पाहायला. तबकडीच्या कागदावर मात्र रोमन अक्षरं आणि आकडे मिळून एक क्रमांक असतो, तो कंपनीचा सूचीक्रमांक. जपानी न येणाऱ्याला पानावरची वाचता येणारी तेवढी एकच गोष्ट, आणि जुन्या तबकड्यांच्या याद्यांत ती थेट टाकता येते.

गाणं सापडलं असं वाटल्यावर पडताळणी ज्या तुकड्यावरून शोधलं त्याच्यावर करू नये, तो तर जुळणारच. पानावरची दुसरीच एक ओळ, शक्यतो शेवटच्या कडव्यातली, घेऊन सापडलेल्या मजकुराशी अक्षरागणिक ताडून पाहावी. जुन्या गीतांच्या बाबतीत याहून पक्की कसोटी आहे. त्यातली बरीचशी ७ आणि ५ मात्रांच्या मोजणीत बांधलेली असतात. 'कोजो नो त्सुकी' चार कडव्यांचं आहे, प्रत्येक कडव्यात चार ओळी, आणि ओळीत ७ अधिक ५. इथे फुरिगाना कामाला येतो. कांजीच्या जागी त्याचा उच्चार ठेवून कानाक्षरं मोजायची. प्रत्येक अक्षराला एक मात्रा, ん ला एक, छोट्या っ लाही एक, पण छोटे ゃ, ゅ, ょ आधीच्या अक्षरात मिळवायचे. बेरीज १२ आली तर ओळ पूर्ण आहे. ११ आली तर एक अक्षर कुठेतरी गळलं, आणि १४-१५ आली तर शेजारच्या ओळीचं किंवा फुरिगानाचं काहीतरी आत शिरलं आहे. भाषा न कळताही चूक कोणत्या ओळीत आहे हे यातून नेमकं दिसतं. आजच्या पॉप गाण्यांत अशी मोजणी नसते, तिथे कडव्याला कडवं लांबीने जुळतं का एवढंच पाहता येतं.

हस्तलिखित पान असेल तर हे सगळं ढासळतं. छापील अक्षरांवर शिकलेली साधनं हाताच्या अक्षराला अडखळतात. कुझुशिजी हे जुनं जोडून लिहायचं वळण तर आजच्या बहुसंख्य जपानी माणसांनाही वाचता येत नाही, जशी आपल्याला मोडी. त्यासाठी तोक्योतल्या मानव्यविद्या मुक्तविदा केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये 'मिवो' नावाचं मोफत ॲप काढलं. ते घडवण्यात पुढे होत्या तारिन क्लानुवात, मूळच्या थायलंडच्या संशोधक. पण ते ॲप शिकलं आहे ते जुन्या ग्रंथांवर. कुणी वहीत पेनाने उतरवून घेतलेल्या गाण्याला ते फारसं लागू पडत नाही. तिथे अक्षर एकेक करून रेखाटून शोधणं हाच मार्ग, आणि तेवढ्या कष्टात गाठायचा असतो तो एकच तुकडा, सगळं पान नव्हे.

शब्दांवरून गाणं मिळालं, तरी ध्वनिमुद्रण निवडताना दोनदा पाहावं लागतं. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या 'रेकिओन' या संग्रहात १९०० ते १९५० च्या सुमाराच्या तबकड्यांतली जवळपास ५०,००० ध्वनिमुद्रणं आहेत. त्यातला काही भाग घरबसल्या ऐकता येतो, बाकीचा ग्रंथालयांतच. कवीचं नाव तिथे किंवा इतर याद्यांत काना अक्षरांत शोधायचं असेल, तर 土井 या आडनावाचे दोन्ही उच्चार टाकून पाहावेत. ते मुळात 'त्सुचिई' होतं आणि कवीने स्वतःच १९३० च्या दशकात 'दोई' करून घेतलं. चालही एक नाही. ताकीची मूळ रचना एकट्या आवाजासाठी, साथीशिवाय होती. पुढे संगीतकार यामादा कोसाकूने तिला पियानोची साथ दिली, स्वरांची लांबी दुप्पट केली आणि पहिल्याच ओळीतल्या एका स्वराचं ♯ काढून टाकलं. आज बहुतेक मुद्रणांत ऐकू येते ती यामादाची चाल. आपल्या पानावर शब्दांसोबत स्वरलिपीही छापलेली असेल, तर पहिल्या ओळीत, सुरुवातीलाच असणारी चिन्हं सोडून, एखाद्या स्वराच्या अलीकडे ♯ हे चिन्ह आहे का ते पाहावं. असेल तर पान ताकीच्या चालीचं आहे, आणि मुद्रणही त्याच चालीचं शोधायला हवं.